तव्यावरची कुजबूज

वैजयंती राऊळ माणसांची तोंडं बंद करते आणि त्याचा पगार घेते. हे तिचं स्वतःचं वाक्य. लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की ती हेच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. तिचा नवरा विलास लगेच पुढे जोडतो, "घरी मात्र फुकट करते." हा विनोद गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नाही, यावरून त्यांचा संसार बरा चाललाय असं समजायला हरकत नाही.

मालाडला लिंक रोडच्या मागच्या गल्लीत, फरशा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर चारुहास धुरींचा स्टुडिओ आहे. परभाषेतले सिनेमे तिथे मराठीत येतात. आता सिनेमा मराठीत आणायचा म्हणजे काय, तर लोकांना वाटतं, जुने आवाज काढले, नवे घातले, झालं. इतकं सोपं असतं तर वैजयंतीला कुणी चहासुद्धा विचारला नसता. एखादी बाई बोलता बोलता ताट खाली ठेवते. तिचं बोलणं कापलं की ताटाचा आवाजही त्याबरोबर जातो, कारण दोन्ही एकाच माइकमध्ये शिरलेले असतात. मग पडद्यावर पितळेचं ताट कापसाचं असल्यासारखं जमिनीवर टेकतं आणि प्रेक्षकाला काय चुकलं ते कळत नाही, पण चुकलंय हे कळतं.

काही निर्माते बोलण्याशिवायचे सगळे आवाज वेगळे करून ठेवतात. संगीत, पावलं, दारं, पाखरं, सगळं. धंद्यात त्याला एम अँड ई म्हणतात. त्यावर कुठल्याही भाषेचे संवाद चढवावेत आणि मोकळं व्हावं. पण लहान निर्मात्यांना पुढचं कुठे सुचतं? त्यांचा सिनेमा कधी काळी मराठी बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही नसतं. तो ट्रॅक नसला की तो वैजयंतीला बनवावा लागतो. ती एकेक वाक्य कापते. कापलेल्या जागी नुसती शांतता ठेवून भागत नाही, कारण रिकामी खोलीसुद्धा वाजत असते. पंखा असतो, लांबचा रस्ता असतो, काहीच नसलं तरी भिंतींचा म्हणून एक आवाज असतो. मग दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून, जिथे कुणी बोलत नाही तिथून, ती त्या खोलीचा तुकडा उचलते आणि भोकात भरते. कापड फाटलं तर त्याच कापडाच्या शिवणीतलं ठिगळ लावावं, तसं. आणि जी ताटं-वाट्या-पावलं बोलण्याबरोबर गेली, ती दिगंबर साटम पुन्हा वाजवून देतो.

दिगंबर हा एक वेगळाच प्राणी. पन्नाशी उलटलेला, पायात बायकांच्या टाचांच्या चपला घालून पडद्याकडे बघत नायिकेचं चालणं चालणारा. त्याच्या खोलीत जुन्या सुटकेसी, नारळाच्या करवंट्या, गंजक्या कड्या आणि कुठल्या तरी टॅक्सीचं एक अख्खं दार आहे. तो आणि वैजयंती दोघंही सावंतवाडीकडचे. धुरींकडे ते जवळजवळ एकदमच लागले. धुरींना अलीकडे वाटायला लागलं होतं की तयार आवाज संगणकात भरलेले मिळतात, तर हा माणूस आणि त्याचं भंगार कशाला पोसायचं? हे ते बोलून दाखवत नव्हते, पण दिगंबरच्या खोलीत शिरताना नाकाला रुमाल लावायचे. त्याचा अर्थ दिगंबरला कळत होता.

वैजयंतीचं मात्र स्टुडिओत वजन होतं. तिच्या कानाचं धुरी येईल त्याला कौतुक सांगायचे. "आमच्या ताई मुंगीची ढेकर ऐकतात." मग ती हसायची.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून बहिणीची नात राहायला आली होती आणि तिला ताप होता. वैजयंतीनं तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि गप्पा मारत बसली. पोर कंटाळून म्हणाली, "आजी, ते कधीचं वाजतंय, काढ ना!" वैजयंतीनं थर्मामीटर हातात घेतला, कानाशी धरला, बटण पुन्हा पुन्हा दाबलं. पोर म्हणाली, "वाजलं की आत्ता." वैजयंतीला काही ऐकू आलं नव्हतं. त्या रात्री तिनं विलासला विचारलं, "आपल्याकडे हल्ली डास नाहीत ना?" तो म्हणाला, "नाहीत कसे? कानाशी पिरपिर करून झोपेचं खोबरं केलंय." ती अंगावर चादर ओढून पडून राहिली.

दादरला, जिथे तिला ओळखणारं कुणी नाही, अशा एका डॉक्टरकडे ती जाऊन आली. त्यानं कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडून बरी चाललेली रेघ उजवीकडे एकदम खाली कोसळत होती, दोन्ही कानांची. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले होते. स, श, फ, कुजबूज, डास, थर्मामीटर. हेडफोनवर आयुष्य काढल्याचं बक्षीस. "परत येणार नाही," डॉक्टर म्हणाला, "मशीन लावा, बरं वाटेल. काम काय करता?" ती म्हणाली, "घरीच असते."

आवाजाच्या धंद्यात कानाला मशीन लावून बसायचं म्हणजे शिंप्यानं डोळ्यांवर पट्टी बांधून दुकान उघडण्यासारखं. कोण कापड देईल? तिनं कुणाला सांगितलं नाही, विलासलासुद्धा नाही. तिनं दुसरी वाट काढली. संगणकावर आवाजाचं चित्र दिसतं. खालच्या बाजूला जाडे आवाज, वर बारीक, जितका मोठा तितका उजळ. बोलणं त्यात शिडीच्या पायऱ्यांसारखं दिसतं आणि स, श हे वरच्या अंगाला धुक्याच्या झुबक्यासारखे. वैजयंती डोळ्यांनी ऐकायला शिकली. झुबका दिसला की कापायचा. आणि इतकी वर्षं हात बसलेला, तेव्हा काम सरळ पार पडत होतं. दीड वर्षात कुणाला संशय आला नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायची सवय तिला लागली होती, त्याला लोक तिचा करारीपणा समजायचे.

मग केरळातला तो सिनेमा आला. दोन बहिणी, एक घर, थोरलीनं आयुष्यभर लपवलेली एक गोष्ट. सगळं बोलणं शूटिंगच्या जागीच ध्वनिमुद्रित केलेलं. संगीत वेगळं मिळालं, पण संवाद आणि जागेवरचे आवाज एकात एक, खिचडी झालेले. हा सिनेमा नीट उतरला तर तो दाखवणारं टीव्ही चॅनेल पुढचे सगळे सिनेमे धुरींना देणार होतं. त्यांनी चॅनेलच्या शर्वरी दाभोळकरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "एम अँड ई आमच्या राऊळताईंचं आहे. डोळे मिटून घ्या." शर्वरीबाई म्हणाल्या होत्या, "डोळे मिटून नाही, कान उघडून ऐकायला येते. संवाद बंद करून अख्खा सिनेमा ऐकणार. मूळ भाषेचा एक श्वास जरी सापडला ना, तर परत."

आणि त्या आज चारला येणार होत्या.

जेवणं उरकून सगळे मिक्सिंगच्या खोलीत बसले. बटणांच्या टेबलामागे निषाद कारखानीस, हा मिक्सिंग करणारा, तिशीतला, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागे सोफ्यावर धुरी. दाराशी स्टुलावर दिगंबर, कारण सोफ्यावर बसलं की धुरी सरकून बसायचे. वैजयंती निषादच्या शेजारी. मराठी संवाद बंद ठेवून ते शेवटची फेरी ऐकत होते. पडद्यावरची माणसं ओठ हलवत होती, तोंडातून काही निघत नव्हतं, पण पावलं, भांडी, दारं, सगळं नीट जागच्या जागी. धुरी मान डोलवत होते.

स्वयंपाकघराचा प्रसंग आला. थोरली बहीण तव्यावर बांगडे तळतेय आणि तळता तळता धाकटीच्या कानाशी ती गोष्ट सांगतेय. कुजबुजत. साऱ्या सिनेमाचा जीव त्या कुजबुजीत. वैजयंतीला हा प्रसंग सगळ्यात जड गेला होता. आधी तिनं संवाद वेगळा काढणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर त्यानं कुजबुजीबरोबर बांगडेही खाल्ले. त्याचाही दोष नाही, कुजबूज आणि तळण दोन्ही नुसती वाफच. मग तिनं हातानं कापलं. दोन वाक्यांमधल्या फटीतला तळणाचा तुकडा उचलला, तोच पुढेमागे जोडत जोडत भोकं भरली. वर दिगंबरनं गरम तव्यावर ओला फडका दाबून काढलेला चर्र आवाज पसरला आणि जोड दिसू नये म्हणून दोन्ही मिसळून एक करून टाकले.

पण तळणाचं चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत पांढरं फटक. त्यात धुक्याचा एखादा झुबका असला, तर तो दिसणार कुठून?

निषादनं थांबवलं. "ऐकलंत?"

"काय ते?" धुरी पुढे झुकले. "परत लाव."

त्यानं परत लावलं. वैजयंतीला तव्याची जाडसर चरचर ऐकू येत होती, बस. ती निषादच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या भुवया थोड्या थोड्या वेळानं उडत होत्या, ठरावीक वेळानं.

"कोणीतरी स्स स्स करतंय," धुरी म्हणाले. "स्वयंपाकघरात साप शिरलाय की काय?"

"बाईचा आवाज वाटतोय," निषाद म्हणाला. "परत परत तोच येतोय. ताई, तुम्हाला काय वाटतं?"

काय झालंय ते तिला लख्ख कळलं होतं. उचललेल्या तुकड्याच्या टोकाला कुजबुजीचं शेपूट राहिलं असणार, एक अर्धा स, आणि तिनं तो एकदा नाही, भोकाभोकात पेरला होता. पण हे कळणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं.

"हं," ती म्हणाली. "आहे खरं."

"कशात आहे? तुमच्या भरावात, का साटमकाकांच्या तव्यात? दोन्ही एकत्र केलेत तुम्ही."

सगळे तिच्याकडे बघत होते. खरं बोलायला एक क्षण पुरे होता. पण तो क्षण सरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दिगंबरच्या तव्यातलं असेल. फडका सुसकारतो कधी कधी."

दिगंबर स्टुलावरून उठला. "माजो फडको बोलता काय गो, वैजू?"

"तसं नाही रे..."

"मग कसं?" धुरी कडाडले. त्यांना हवं ते आयतंच हातात आलं होतं. "किती वेळा सांगितलं साटम, हे फडके, करवंट्या बंद करा म्हणून! एक बटण दाबलं की तळणाचे पन्नास आवाज मिळतात. बाई चारला येतायत. आता काय बांगडे तळून दाखवू त्यांना?"

"मी आत्ता परत करून देतो," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "पाच मिनिटं द्या."

"चला लवकर!"

तो गेला. भिंतीपलीकडच्या खोलीत शेगडी पेटल्याचं काचेतून दिसलं. नेहमी दिगंबर तवा सावकाश तापवायचा, हात पुसायचा, पडद्याकडे बघून एकदा कोरडी तालीम करायचा. आज त्यानं काही केलं नाही. तवा लालबुंद होऊ दिला आणि ओला फडका सरळ दाबला. वाफ उसळली. त्यानं हात मागे घेतला नाही, कारण निषादनं लाल दिवा लावला होता आणि ध्वनिमुद्रण चालू होतं. प्रसंग संपेपर्यंत तो फडका दाबत आणि उचलत राहिला. तोंडातून हुं की चूं नाही. दिवा विझल्यावर त्यानं हात नळाखाली धरला.

वैजयंती काचेतून हे बघत होती. तिला स्वतःची शिसारी आली. कुणीतरी धावत जाऊन त्याचा हात धरावा असं वाटलं, आणि ते कुणीतरी आपणच असायला हवं, हेही कळत होतं. पण ती खुर्चीतून उठली नाही.

निषादनं वैजयंतीचा मिसळण्याआधीचा भराव उघडून त्यावर नवा तवा बसवला आणि लावून पाहिलं. वैजयंतीनं त्याच्या भुवयांकडे बघितलं. त्या उडाल्या.

"अजून आहे," तो म्हणाला. "सर, काकांच्या आवाजात नाहीये ते. ताईंच्या भरावात आहे."

धुरींनी सुस्कारा टाकला. "मग ताई, काढा की पटकन. तुमच्या हातचा मळ आहे तो."

तिनं खुर्ची पुढे ओढली. तिच्या सगळ्या जुन्या जोडण्या उघडल्या. पडद्यावर पांढरी फटक पट्टी. तिनं अंदाजानं एका तुकड्याचं टोक कापलं. लावलं. धुरींच्या चेहऱ्यावर आठी. दुसरं टोक कापलं. निषादनं ओठ आवळले. तिनं हेडफोन चढवले, आवाज वाढवला, इतका की कानात कळ आली. चरचर मोठी झाली, बाकी काही नाही. तळहाताला घाम सुटून माऊस निसटायला लागला. साडेतीन वाजून गेले होते.

"थांबा," ती उठली. "दिगंबरच्या हाताला काहीतरी लावून येते. मग बघते."

"आत्ता?" धुरी म्हणाले, पण ती बाहेर पडली होती.

दिगंबर आपल्या खोलीत सुटकेसवर बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं लाल होऊन फुगली होती. तिनं धुरींच्या टेबलातली मलमाची ट्यूब आणली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि बोटांना मलम लावायला लागली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"माझ्यावर का ढकललंस?" तो म्हणाला.

"चुकलं."

"चुकलं म्हणजे? तुला कळलं नाही हे मला पटणार नाही. तुझा कान मला माहीत आहे. माझ्या चपलेचा खिळा सैल झाला तर तू पलीकडच्या खोलीतून ओरडायचीस." त्यानं हात ओढून घेतला. "धुरी मला हाकलायला टपलाय, तुला ठाऊक आहे. माझ्या घरात दुसरं कोण कमावतंय? आणि तू..."

तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी माणसांची तोंडं बंद केली, आज स्वतःचं उघडत नव्हतं. "ये चल," एवढंच ती म्हणाली.

दोघं परत आले तेव्हा निषाद टेबलावर वाकून काहीतरी ऐकत होता. प्रसंग चालूच होता. थोरली ओठ हलवत होती, बांगडे चरचरत होते. धुरी सोफ्यावर मागे रेलले होते.

"ऐका ताई," ते म्हणाले.

वैजयंती उभ्या उभ्या ऐकत राहिली. तिला काय ऐकू येणार होतं? जे मघाशी येत होतं तेच. तिनं निषादकडे पाहिलं, तर त्याची पाठ होती. तिनं धुरींकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटले होते. ओठ नाहीत, भुवया नाहीत. तिला कुठलाच चेहरा वाचायला मिळेना.

"हो, येतंय अजून," ती म्हणाली. "एकच मिनिट द्या. काढते मी."

निषादनं मागे वळून पाहिलं. धुरींनी डोळे उघडले.

"काय येतंय?" निषादनं हळूच विचारलं.

"तेच. स्स स्स."

"ताई," तो म्हणाला, "ते मी काढलं. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा. प्रसंगाच्या सुरुवातीला, ती बोलायच्या आधी तव्याचा एक स्वच्छ तुकडा सापडला, तो भरला. आता काहीच नाहीये त्यात."

तव्याची चरचर संपली. पुढच्या प्रसंगातलं दार वाजलं. निषादनं थांबवलं आणि खोलीत एसीचा घुं तेवढा उरला. तो मात्र वैजयंतीला नीट ऐकू येत होता.

दिगंबरनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या कानाकडे पाहिलं. तो माणूस आवाजावरच जगलेला, त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. "वैजू," तो म्हणाला, "कधीपासून?"

ती खुर्चीवर बसली. "दीड वर्ष. बारीक आवाज येत नाहीत. स नाही, श नाही. डास चावल्यावर कळतो." तिला वाटलं होतं, हे बोललं की आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. "फडक्याचं मी खोटं बोलले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तव्यातलंही नाही आणि भरावातलंही नाही. दिगंबर, तुझी बोटं माझ्यामुळे भाजली."

धुरी उठले, बसले, पुन्हा उठले. "दीड वर्ष? म्हणजे हा अख्खा सिनेमा तुम्ही..." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी त्या बाईला सांगितलंय, डोळे मिटून घ्या म्हणून! माझं नाक कापलंत हो ताई. अजून कुठे कुठे पेरून ठेवलंय हे?"

हा प्रश्न खरा होता. ती डोळे मिटून आठवत बसली. जिथे चित्र स्वच्छ होतं तिथे तिला भीती नव्हती. पण जिथे पाणी होतं, वारा होता, गर्दी होती, जिथे चित्र पांढरं पडतं, तिथे ती डोळ्यांनीही आंधळी होती. "जेवणाचा प्रसंग ठीक आहे," ती सावकाश म्हणाली. "देवळातला ठीक आहे. नळाखाली भांडी घासते तो बघावा लागेल. झाडाखालचा वारा. बोटीतला. आणि शेवटी किनाऱ्यावर दोघी बसतात तो. कुठला तुकडा कुठून उचलला ते मला तोंडपाठ आहे. पण त्यात काय उरलंय ते मी सांगू शकत नाही."

"मी बघतो," निषाद म्हणाला.

"तुला एकेक ठिगळ शोधायला दोन दिवस लागतील. मला जागा माहीत आहेत."

"जागा माहीत असून उपयोग काय? ऐकणार कोण?" धुरी म्हणाले.

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. धुरींनी खिडकीतून डोकावलं. "आल्या," ते म्हणाले, आणि पँटीत शर्ट खोचत जिन्याकडे गेले. दारात थांबून वळले. "मी त्यांना खाली चहाला बसवतो. उद्याची वेळ मागून घेतो, खोटं काही सांगणार नाही, काम राहिलंय म्हणतो. तुमचं काय करायचं ते हा सिनेमा झाल्यावर बोलू, ताई." आवाजात राग होताच. तिनं मान हलवली. त्यापेक्षा जास्त मिळण्याची तिची अपेक्षाही नव्हती.

निषादनं आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः मागे झाला. ती नळाच्या प्रसंगावर गेली, पहिलं ठिगळ उघडलं. पुढे काय करायचं ते तिला कळेना.

मग तिच्या खांद्यावर हात पडला. डावा, न भाजलेला.

"लाव," दिगंबर म्हणाला. "जिथे येईल तिथे टिचकी मारतो."

"दिगू, तू रागावलायस."

"रागावलोयच. रागानं कान बंद होतात काय? लाव तू."

तिनं लावलं. पाणी वाहायला लागलं. खांद्यावर टिचकी. तिनं थांबवलं, मागे गेली, पुन्हा लावलं. टिचकी त्याच जागी. तिनं तिथे कापलं, प्रसंगाच्या आरंभातलं स्वच्छ पाणी आणून भरलं, दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवली. पुन्हा लावलं. हात स्तब्ध. पुढे.

झाडाखालच्या वाऱ्यात एक निघालं. बोटीत ओळीनं टिचक्या बसल्या, एकामागून एक. इतकं उरलं होतं? हे सगळं आपण स्वच्छ म्हणून पाठवून दिलं होतं? याआधीच्या सिनेमांत काय काय गेलं असेल? डोळ्यांत पाणी आलं आणि पडद्यावरची पट्टी धूसर झाली. तिनं पदरानं डोळे टिपले आणि कापत राहिली. एकदा निषादनं दोघांसाठी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

शेवटचा प्रसंग. दोघी बहिणी किनाऱ्यावर बसलेल्या. ओठ हलतायत. समोर समुद्र. वैजयंतीला लाट फुटल्याचा धप्प तेवढा येत होता. मग काही नाही. मग पुन्हा धप्प. ती खांद्यावरच्या टिचकीची वाट बघत राहिली. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. हात हलला नाही.

"झोपलास काय?"

"जागा आहे."

"मग टिचकी का नाही? इथे खूप भरलंय मी. असणारच काहीतरी."

"नाहीये. एकदम साफ आहे." त्यानं पुन्हा ऐकलं. "नुसता समुद्र आहे."

तिनं प्रसंग मागे नेला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघत राहिली. फुटलेली लाट वाळूवरून मागे जात होती. बारीक फेस मागे ओढला जात होता. तिथे चित्रात वरच्या अंगाला एक पांढरं धुकं होतं, थेट कुजबुजीसारखं. तिचं बोट कापायच्या बटणावर गेलं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "लाट परत जाताना वाजते?"

"वाजते."

"कशी?"

दिगंबरनं भाजलेला हात हवेत तिरका करून पाहिला. असले आवाज काढण्यात त्याचा जन्म गेला होता, पण सांगायची वेळ कधी आली नव्हती. "तांदूळ सुपात पाखडतो ना," तो म्हणाला, "शेवटी सूप तिरकं करून सगळे एका अंगाला ओढून घेतो. तशी."

तिनं बटणावरचं बोट उचललं.

"मग राहू दे ती," वैजयंती म्हणाली.